कल्हणाचा उतारा व परीक्षेंतील उत्तर

त्रैमासिकाच्या वाचकांस परीक्षेच्या उत्तरपत्रिकेशीं काय कर्तव्य, असें शीर्षक पाहून कोणी विचारील. त्याचें समाधान आरंभींच करितों. ज्यांच्या संग्रहीं बखरी, करीने व पोथ्या आहेत त्यांच्यापुढें जो प्रश्न नित्य उभा असतो, तोच विद्यार्थ्यास परीक्षेंत अर्ध्या तासांत सोडवावा लागतो. मध्ययुगीन वृत्तांतांतला एक उतारा छापलेला असतो आणि खालीं विचारलेलें असतें कीं, ऐतिहासिक साधन या नात्यानें याचें मूल्य ठरवा. उतारा कोणी लिहिला, कशासाठीं लिहिला, कोणापुढें वाचला जाण्यासाठीं लिहिला, आणि त्याची मर्यादा कोठें संपते, हे चार प्रश्न आतां बहुतेक शिक्षक शिकवितात. परंतु शिकविण्याची जी रीत पडली आहे ती सदोष आहे, आणि तो दोष प्रस्तुत लेखकानेंही वर्षानुवर्षें केलेला आहे.

राजतरंगिणीवर मी विद्यार्थ्यांकडून एक तयार उत्तर पाठ करवून घेत असें. कल्हण हा काश्मीरचा ब्राह्मण पंडित. त्यानें शके १०७० मध्यें, म्हणजे इ. स. ११४८–४९ मध्यें, ग्रंथास आरंभ करून पुढील वर्षीं तो संपविला. इतिहासकारानें न्यायाधीशाप्रमाणें रागद्वेष सोडून लिहावें असें तो प्रथम तरंगांतच म्हणतो. यास्तव तो निःपक्षपाती होय. या उत्तरास गुण बरे मिळत. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारिलें, "गुरुजी, आपण निःपक्षपाती आहों असें पक्षकारानें स्वतः सांगितलें तर तो पुरावा धरतात काय?" मीं त्याला खालीं बसविलें. त्या दिवशीं घरीं गेल्यावर स्टाइनसाहेबांची प्रत पुन्हां काढली, आणि ज्या उताऱ्यावर मी इतकीं वर्षें हें उत्तर लिहवीत होतों तो उतारा नव्यानें वाचला. तोच येथें उदाहरणादाखल घेतों.

उतारा सातव्या तरंगांतला, हर्षराजाविषयींचा. हा हर्ष म्हणजे कनोजचा हर्षवर्धन नव्हे. हा काश्मीरचा राजा, कलशाचा पुत्र, राज्यकाल इ. स. १०८९ ते ११०१. उताऱ्यांत कल्हण जें सांगतो त्याचा सारांश असा: राजा द्रव्याच्या विवंचनेंत होता. शाही राजा भीम यानें बांधिलेलें भीमकेशवाचें देवालय पुजाऱ्यांच्या कलहामुळें दीर्घ काळ बंद पडलें होतें. त्यांतील संचित द्रव्य राजाच्या दृष्टीस पडलें व तें त्यानें हरण केलें. एका ओसाड देवळांत इतकें धन, तर नांदत्या देवळांत किती असेल, असा लोभ त्यास उत्पन्न झाला. मग त्यानें देवमूर्ति उपटून आणण्यासाठीं उदयराज नांवाच्या मनुष्यास देवोत्पाटननायक नेमिलें. मूर्ति विटाळविण्यासाठीं नग्न व हातपाय झडलेल्या भिकाऱ्यांकडून त्यांवर मलमूत्र टाकविलें आणि पायांस दोर बांधून त्या रस्त्यांतून ओढविल्या. गांवांत, पुरांत किंवा नगरांत असें एकही देऊळ उरलें नाहीं कीं जें या राजानें मूर्तिहीन केलें नाहीं. बचावल्या त्या मोजक्याच मूर्ति: नगरांतील रणस्वामी, बाहेर मार्तंड, आणि बुद्धाच्या दोन प्रचंड प्रतिमा. त्यांपैकीं परिहासपुरची प्रतिमा तेथेंच जन्मलेल्या कनक नांवाच्या गायकानें, व नगरांतील प्रतिमा कुशलश्री नांवाच्या श्रमणानें, राजा प्रसन्न असतां मागून घेतल्या.

उत्तरपत्रिकांत या उताऱ्यावर पुढील दोहोंपैकीं एक उत्तर ठरलेलें असतें. पहिल्यांत उताऱ्याचा गोषवारा पुन्हां लिहून शेवटीं "कल्हण निःपक्षपाती असल्यामुळें हें विश्वसनीय आहे" अशी पुस्ती जोडलेली असते. दुसऱ्यांत कल्हणाचें चरित्र, ग्रंथाचे आठ तरंग, सुमारें ७,८०० श्लोक ही माहिती एक पानभर येते आणि उताऱ्यांतील एका वाक्यासही हात लागत नाहीं. चार प्रश्न दोघांसही पाठ असतात. दोघेही त्यांचीं उत्तरें चार परिच्छेदांत उताऱ्याच्या शेजारीं मांडून ठेवितात. वास्तविक प्रत्येक प्रश्नाचा उपयोग इतकाच कीं, उताऱ्यांतील अमुक एक विधान किती भार सोसूं शकेल हें त्यावरून ठरावें. ज्या माहितीनें एकाही विधानाचें वजन कमी-अधिक होत नाहीं ती माहिती उत्तरांत नको.

आतां कर्ता कोण, हा प्रश्न याच उताऱ्यास लावून पाहूं. राजतरंगिणीच्या प्रत्येक तरंगाच्या शेवटीं समाप्तिवाक्य आहे. त्यांत कल्हण हा काश्मीरच्या महामात्य चण्पकप्रभूचा पुत्र असें म्हटलेलें आहे. श्लोकांतून जेव्हां चण्पक येतो तेव्हां त्याचा उल्लेख इतर अधिकाऱ्यांप्रमाणें तृतीय पुरुषीं होतो. तो हर्षाचा द्वारपति, म्हणजे काश्मीरांत उतरणाऱ्या घाटांच्या नाक्यांचा अधिपति होता. ज्या वाचकानें समाप्तिवाक्यें गाळून नुसते श्लोक वाचले, त्यास आपण कर्त्याच्या वडिलांविषयीं वाचीत आहों याचा पत्ता लागणार नाहीं. संग्राहकांस हें मुद्दाम सांगतों. कारण नकला करवितांना "हें शेवटचें नेहमींचेंच आहे" म्हणून समाप्तिवाक्य सोडून देणारे लेखक मीं पाहिले आहेत.

याच्या पुढची पायरी अधिक महत्त्वाची. उताऱ्यानंतर थोड्याच अंतरावर कल्हण सांगतो कीं, चण्पकाचा भाऊ कनक हा श्रम घेऊन राजाचा गायनांतला शिष्य झाला आणि राजानें त्यास एक लक्ष सुवर्ण दीनार दिले. उताऱ्यांत परिहासपुरची बुद्धप्रतिमा वांचविणारा गायक कनक तो हाच, असें स्टाइन यांनीं धरलें आहे व तें योग्य दिसतें. तेव्हां दोन ठिकाणचे धागे जुळविले म्हणजे असें निष्पन्न होतें कीं, बचावलेल्या मूर्तींपैकीं एक मूर्ति वांचविणारा पुरुष खुद्द कर्त्याचा चुलता होता, आणि ज्यानें मूर्ति हरण केल्या त्या राजाचा मोठा अधिकारी कर्त्याचा पिता होता.

एवढें कळल्यावर उताऱ्यांतील विधानांची पत बदलते, आणि ती सर्वांची एकाच दिशेनें बदलत नाहीं. परिहासपुरच्या प्रतिमेची हकीकत घरांतली आहे. ती कशी वांचली हें कल्हणास निश्चित ठाऊक असणार. तिच्यांत चुलत्याच्या श्रेयाची छटा असली तरी प्रतिमा वांचली हें मूळ विधान बळकट होतें. कुशलश्रीची हकीकत तिच्या शेजारींच येते व तिच्यांत कुटुंबाचें कांहीं हित नाहीं. उलट, या प्रकरणांत द्वारपति चण्पक कोठें होता, त्यानें राजास वारिलें कीं मान डोलविली, याविषयीं हे श्लोक मुके आहेत. लोभाचें खापर राजावर, कृत्याचें उदयराजावर, आणि पुण्याचा वांटा कनकाकडे, अशी ही मांडणी आहे. तींत खोटें कांहीं असेल असें मी म्हणत नाहीं. परंतु पित्याविषयींचें मौन हें परीक्षार्थ्यानें एका वाक्यांत नोंदलेंच पाहिजे, आणि त्यापुढें अनुमानाचा मनोरा रचूं नये. मौनावरून संशय घेतां येतो. दोष सिद्ध करितां येत नाहीं.

कल्हण स्वतः या घटनांचा साक्षी नव्हता. हर्ष इ. स. ११०१ त मारला गेला आणि ग्रंथ सुमारें अठ्ठेचाळीस वर्षांनीं लिहिला गेला. तथापि पहिल्या तीन तरंगांतील राजांची गोष्ट वेगळी व ही वेगळी. तेथें रणादित्य नांवाच्या एका राजाचें राज्य तीनशें वर्षें चाललें असें तो निमूटपणें लिहितो. येथें त्याचा बाप व चुलता त्या दरबारांत वावरलेले आहेत. ग्रंथाचे शेवटचे दोन तरंग साऱ्या ग्रंथाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग व्यापितात, आणि त्यांत काल मात्र दीडशें वर्षांचाच आहे. म्हणून "राजतरंगिणी विश्वसनीय आहे काय?" हा प्रश्नच चुकीचा. सातव्या तरंगांतील अमुक विधान विश्वसनीय आहे काय, असें विचारावें.

हेतूच्या प्रश्नावर विद्यार्थी फार लवकर थकतात. "राजांचा इतिहास सांगणें हा हेतु" एवढें लिहून ते पुढें जातात. कल्हणानें आपला हेतु झांकून ठेविलेला नाहीं. आपल्या काव्यांत शांतरस प्रधान आहे, वैभव क्षणभंगुर आहे हें वाचकानें ध्यानीं घ्यावें, आणि राजांस उत्कर्षाच्या व अपकर्षाच्या वेळीं हा ग्रंथ औषधाप्रमाणें उपयोगीं पडावा, असा आशय त्यानें आरंभींच प्रकट केला आहे. तेव्हां हर्षाची कथा त्यास कशासाठीं हवी होती हें उघड आहे. हर्ष हा विद्वान, अनेक भाषा जाणणारा, गायक, कवींचा आश्रयदाता. आणि शेवटीं एका तापसाच्या झोंपडींत शत्रूंच्या हातून मेलेला. शांतरसास याहून समर्पक नायक मिळणार नाहीं. या कथेंत एकाच पुरुषाच्या ठायीं परस्परविरुद्ध गोष्टी एकवटल्या आहेत, असें कथेच्या प्रारंभींच कल्हण बजावितो. मूर्तिहरण हें या कथेंतलें वळण आहे. तेथून पतन सुरू होतें. ज्या प्रसंगावर कथेचा सांधा फिरतो तेथें रंग गडद भरला जाण्याचा संभव असतो. विटंबनेचें जें वर्णन आहे तें या दृष्टीनें वाचावें. मूर्ति गेल्या हें वेगळें, आणि त्या कशा गेल्या याचें चित्र वेगळें.

येथें भाषेचा एक प्रश्न येतो आणि संस्कृतज्ञास त्यावर थोडें थांबणें भाग आहे. एकही देऊळ सुटलें नाहीं असें सांगतांना कल्हण राजास "हर्षराजतुरुष्क" म्हणतो. या एका समासानें पुष्कळ परीक्षार्थ्यांचें तारूं खडकावर आदळलें आहे. मीं तपासलेल्या उत्तरांत "हर्षानें इस्लाम स्वीकारला होता हें या उताऱ्यावरून सिद्ध होतें" असें वाक्य एकदां नव्हे, अनेकदां आढळलें. समास पुरुषव्याघ्रासारखा आहे. पुरुषव्याघ्र म्हटल्यानें त्या पुरुषास शेपूट येत नाहीं. मूर्ति फोडणारा तो तुरुष्क, या त्या काळच्या समजुतीवरून राजास दिलेली ही शिवी आहे. याला पुरावा बाहेरचा नको. त्याच तरंगांत पुढें कल्हण सांगतो कीं हर्षाच्या पदरीं शंभर शंभर शिपायांवरचे तुरुष्क नायक पगारी होते, आणि हा राजा मरेपर्यंत डुकराचें मांस खात होता. धर्म बदलल्याची कथा या विधानापुढें टिकत नाहीं. मात्र एक गोष्ट त्या समासावरून खरोखर सिद्ध होते: इ. स. ११४८ च्या सुमारास काश्मीरच्या सुशिक्षित वाचकास "तुरुष्क" या शब्दांत मूर्तिभंजक हा अर्थ सहज ऐकूं येत होता. शब्द हर्षाविषयीं थोडें सांगतो, वाचकाविषयीं अधिक.

तिसरा प्रश्न वाचकाविषयींचा. हा ग्रंथ कोणासमोर ठेवण्यासाठीं होता? सभासदाच्या बखरीसंबंधीं उत्तर सोपें आहे. ती राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली, तेव्हां आज्ञा करणारा हाच पहिला श्रोता. कल्हणास अशी आज्ञा कोणी केल्याचें दिसत नाहीं, आणि त्यास दरबारांत अधिकार असल्याचेंही कोठें आढळत नाहीं. राज्य जयसिंहाचें चालू होतें, आणि त्याच्याविषयीं लिहितांना आठव्या तरंगांत कल्हणाची लेखणी बरीच सांभाळून चालते. हर्ष तर केव्हांच मेला होता, आणि ज्या घराण्यानें त्याला पदच्युत केलें तेंच गादीवर होतें. हर्षाची निंदा करण्यांत राजभय नव्हतें. स्तुतीला मात्र धैर्य लागलें असतें. असें असूनही हर्षाच्या विद्वत्तेचें व दातृत्वाचें वर्णन कल्हणानें हातचें राखून केलेलें नाहीं. माझ्या मतें त्याच्या निःपक्षपाताचा खरा पुरावा हा आहे. न्यायाधीशाची उपमा नव्हे.

श्रोते कोण होते याची एक झलक दुसऱ्या ग्रंथांत मिळते. मंखकवीच्या श्रीकंठचरिताच्या शेवटच्या सर्गांत त्याचा भाऊ अलंकार याच्या घरीं भरलेल्या पंडितसभेचें वर्णन आहे. तींत कल्याण नांवाच्या एका तरुण कवीची प्रशंसा आहे, आणि त्याच्या वाणींत बिल्हणाचें प्रतिबिंब उमटतें असा भाव आहे. हा कल्याण म्हणजेच कल्हण, हें मत सामान्यतः मान्य झालें आहे. अशा मंडळींत वाचला जाणारा ग्रंथ उपहास, श्लेष व अतिशयोक्ति यांनीं नटलेला असणारच. श्रोता तें ओळखतो व त्यांतलें तात्पर्य तेवढें घेतो. आपण मात्र त्या सभेंत नसल्यामुळें प्रत्येक शब्द दप्तरांतल्या यादीसारखा वाचतों. देवोत्पाटननायक हें पद पाहा. सर्व पाठ्यपुस्तकांत तें हर्षाच्या दरबारचें अधिकृत पद म्हणून येतें. पण याच प्रकरणांत थोडें पुढें, राजानें विष्ठेवरही कर बसविण्यासाठीं पुरीषनायक नेमिला असें कल्हण सांगतो. दोन्हीं शब्दांची घडण एकच. दुसऱ्यांत थट्टा उघड ऐकूं येते. मग पहिल्यांत ती नसेलच असें कशावरून? उदयराजाकडे मूर्ति आणण्याचें काम होतें इतकें निश्चित धरावें. तें पद त्या नांवानें राजाच्या आज्ञापत्रांत लिहिलें जात असे कीं तें कवीचें टोमण्याचें नांव, हें सांगण्यास साधन नाहीं.

मर्यादेचा प्रश्न शेवटीं लिहावयाचा असला तरी मनांत प्रथमपासून असावा. मर्यादा म्हणजे "कल्हणाचा ग्रंथ कांहीं ठिकाणीं अतिशयोक्तिपूर्ण आहे" असें गुळमुळीत वाक्य नव्हे. अतिशयोक्ति कोणत्या शब्दांत आहे व ती कशावरून ओळखिली, हें दाखवावें लागतें. येथें ती ओळखण्याचें साधन उताऱ्यांतच आहे. एकही देऊळ सुटलें नाहीं असें म्हणून लगेच तो चार अपवाद नांवांनिशीं देतो. अर्थात् पहिलें वाक्य वक्तृत्वाचें आहे, दुसरें माहितीचें. अधिक शोध केला तर उच्चलानें, म्हणजे हर्षानंतरच्या राजानें, परिहासकेशवाची मूर्ति पुन्हां बसविल्याचें आठव्या तरंगांत आहे. हर्षानें ती हरण केली होती असें तेथें सांगितलें आहे. एखादी विशिष्ट मूर्ति गेल्याचा व परत बसविल्याचा असा उल्लेख "सर्व देवळें" या शब्दांपेक्षां किती तरी मोलाचा आहे.

तुलनेवांचून दुसरी एक मर्यादा ध्यानांत येत नाहीं. उतारा एकटा वाचला तर हर्षाचें कृत्य जगावेगळें भासतें. पण कल्हणानेंच पांचव्या तरंगांत लिहिलें आहे कीं, शंकरवर्म्यानें (इ. स. ८८३–९०२) चौसष्ट देवालयें अधिकारी नेमून लुटलीं, आणि सातव्या तरंगांत लिहिलें आहे कीं, खुद्द हर्षाचा बाप कलश यानें ताम्रस्वामी नांवाची सूर्याची तांब्याची मूर्ति व विहारांतील पितळी मूर्ति नेल्या. म्हणजे देवळाचें द्रव्य राजानें घेण्याची वाट आधींच पडलेली होती. हर्षानें ती रुंद केली. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं काश्मीरांतील सामंतशाहीचा विचार करितांना या मूर्तिहरणाचा अर्थ धातूच्या व द्रव्याच्या गरजेवरून लाविला. डामरांशीं चाललेल्या लढ्याचा खर्च पाहतां तो अर्थ सयुक्तिक आहे. तथापि केवळ धातूच हवा होता तर मूर्ति विटाळविण्याचा खटाटोप कां, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. विटाळलेल्या मूर्तीचें देवत्व गेलें असें लोकांनीं मानावें, म्हणजे ती वितळविण्यास अडथळा उरणार नाहीं, असें एक उत्तर सुचतें. परंतु तें माझें अनुमान आहे, कल्हणाचें विधान नव्हे, आणि परीक्षार्थ्यानें असें अनुमान लिहिलें तर त्यास अनुमान म्हणूनच लिहावें.

राहिला बाहेरचा पुरावा. हर्षाचीं नाणीं उपलब्ध आहेत. हर्षास दक्षिणेची ढब आवडे आणि त्यानें कर्णाटकी धर्तीचें नाणें पाडिलें असें कल्हण म्हणतो. हत्तीची छाप असलेलीं त्याचीं नाणीं त्या विधानास दुजोरा देतात. हर्षानें कर्णाटाधिपति पर्माडीच्या, म्हणजे कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या राणीचें चित्र पाहून तिजवर मोहित होऊन कर्णाटक जिंकण्याचा पण केला, ही कथाही तेथेंच आहे. तिच्यांत दरबारच्या भाटांनीं राजास कसें चढविलें हें सांगण्याचा हेतु मुख्य दिसतो. नाणें व कथा, दोन्हीं दक्षिणेचींच. पण एकाला हातांत धरतां येतें, दुसरीला येत नाहीं. उलट दुसऱ्या एका बाबतींत नाण्यांची साक्ष कल्हणाशीं जुळत नाहीं. हर्षाच्या राज्यांत सोन्यारुप्याचीं नाणीं विपुल होतीं व तांब्याचीं विरळा, असें तो लिहितो. सांपडतात तीं बहुधा तांब्यापितळेचीं, आणि सोन्यारुप्याचीं क्वचित्. सोनेंरुपें पुढें वितळविलें जातें हें मनांत धरूनही ही विसंगति उत्तरांत नोंदण्याजोगी आहे.

पाठाच्या मर्यादेविषयीं परीक्षार्थ्यास एक वाक्य पुरे. संग्राहकांसाठीं थोडें अधिक लिहितों. इ. स. १८३५ च्या कलकत्त्याच्या आवृत्तींत शारदा लिपीवरून नागरींत उतरवितांना झालेले वाचनदोष भरपूर आहेत. सतराव्या शतकांतील राजानक रत्नकंठ याच्या हातची शारदा पोथी स्टाइन यांस १८८९ मध्यें पाहावयास मिळाली. ती त्या वेळीं वारसांत तीन ठिकाणीं वांटली गेली होती. तिच्या आधारें त्यांनीं १८९२ मध्यें मुंबईस मूळ ग्रंथ छापिला, व १९०० मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर दोन भागांत प्रसिद्ध केलें. म्हणजे कल्हण व आपणांस मिळालेला लेख यांच्यामध्यें पांचशें वर्षांचें अंतर आहे. हर्षराजतुरुष्क हा समास किंवा कनक हें नांव यांवर आपण एवढा भार टाकितों, तेव्हां तो पोथीवरही पडतो.

आतां प्रत्यक्ष उत्तर. पंधरा गुणांच्या प्रश्नास अर्धा तास असतो. त्यांतलीं पहिलीं सात-आठ मिनिटें लिहूं नये. उतारा दोनदां वाचून समासांत प्रत्येक विधानापुढें खूण करावी: हें कर्त्यास कळण्याजोगें होतें, हें वक्तृत्व आहे, हें कर्त्याचें मत आहे. उताऱ्याखालीं छापलेलें ग्रंथनाम व काल वाचण्यास विसरूं नये. निम्मे विद्यार्थी तें वाचीतच नाहींत. चार प्रश्नांना चार मथळे देऊं नयेत. मीं पुढें माझ्या विद्यार्थ्यांस जें उत्तर नमुन्यादाखल दिलें, तें असें होतें:

"हा उतारा हर्षाच्या मृत्यूनंतर सुमारें अर्ध्या शतकानें, त्याच्याच एका अमात्याच्या पुत्रानें लिहिला आहे. परिहासपुरची बुद्धप्रतिमा वांचविणारा कनक हा कर्त्याचा चुलता दिसतो. म्हणून त्या प्रतिमेविषयींची माहिती जवळची व ग्राह्य आहे, जरी तींत कुटुंबाचें श्रेय मिसळलें आहे. कर्त्याचा पिता त्या वेळीं अधिकारावर असूनही त्याचा येथें उल्लेख नाहीं, हें लक्षांत ठेवावें लागतें. एकही देऊळ उरलें नाहीं हें विधान, खालीं दिलेल्या अपवादांवरून, अलंकारिक ठरतें. मूर्तिहरण मोठ्या प्रमाणावर झालें इतकेंच त्यावरून घ्यावें. राजास तुरुष्क म्हणणें ही निंदा असून धर्मांतराचा पुरावा नव्हे. ग्रंथाचा हेतु वैभवाची नश्वरता दाखविण्याचा असल्यामुळें पतनाच्या आरंभींचा हा प्रसंग गडद रंगविला गेला असण्याचा संभव आहे. पण हर्ष मृत व त्याचे शत्रू सत्तेवर असतां कर्ता अन्यत्र त्याचे गुणही सांगतो, यावरून केवळ द्वेषानें तो लिहीत नाहीं. राजाची द्रव्याची निकड व देवळांवरचा हात यांविषयीं उतारा भरंवशाचा आहे. किती देवळें गेलीं, आणि लोकांस त्याविषयीं काय वाटलें, हें यावरून सांगतां येणार नाहीं."

एवढें उत्तर वीस मिनिटांत लिहून होतें. त्यांत शंकरवर्मा नाहीं, नाणीं नाहींत, मंख नाहीं. ज्यास तीं आठवतील त्यानें एकेका वाक्यानें घालावीं, न आठवल्यास अडत नाहीं. कनक व चण्पक यांचें नातें मात्र पाठ असावें लागतें. तें उताऱ्यावरून कळत नाहीं. हें नातें लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या उत्तरावर "उताऱ्याबाहेरचें" असा शेरा मारून एका परीक्षकानें दोन गुण कापल्याचें मला ठाऊक आहे. त्या परीक्षकाच्या हातांत जी छापील प्रत होती तींत समाप्तिवाक्यें गाळलेलीं होतीं.